उलट प्रश्न येऊ न देणारे कोटेशन

कारखान्यातल्या खरेदी विभागात एखादी वस्तू घ्यायची ठरली की सहसा तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतात. ती आली की खरेदी अधिकारी एक तुलनातक्ता करतो. उभ्या रकान्यांत पुरवठादारांची नावे, आडव्या ओळींत मूळ दर, पॅकिंग, वाहतूक, कर, माल किती दिवसांत, पैसे कधी आणि दर कोणत्या तारखेपर्यंत कायम, अशी माहिती भरली जाते. या तक्त्यावर व्यवस्थापकाची आणि मग हिशेब विभागाची सही झाली की पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, निघते. एखाद्या पुरवठादाराचा एकही चौकोन रिकामा असेल तर तक्ता सहीला जात नाही. अधिकारी त्या पुरवठादाराला फोन करतो, तो साइटवर असतो, ‘संध्याकाळी कळवतो’ म्हणतो, आणि तोवर मंजुरी देणारे साहेब निघून गेलेले असतात. अशा वेळी ज्याचे सगळे चौकोन भरलेले आहेत त्याला, दर थोडा जास्त असूनही, ऑर्डर मिळाल्याचे खरेदी विभागात काम करणारा कोणीही सांगेल.

छोट्या उद्योजकाचे कोटेशन बहुधा वस्तू आणि दर यांच्यापुढे जात नाही. खाली ‘कर अतिरिक्त, अटी लागू’ असे लिहिले की काम झाले, असा समज असतो. खरेदीदाराला हवी असते ती नेमकी त्या अटींचीच माहिती. ती कशी द्यायची हे एका काल्पनिक पण रोजच्या व्यवहारात बसणाऱ्या उदाहरणाने पाहू.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एक फॅब्रिकेशनचा गाळा आहे. बेळगावातल्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपला सुटे भाग ठेवायला लोखंडी रॅक हवे आहेत. नग 24, दर प्रत्येकी 8,750 रुपये, म्हणजे मूळ किंमत 2,10,000 रुपये. पॅकिंग आणि बेळगावपर्यंतची वाहतूक मिळून 10,000 रुपये. इथपर्यंतचे आकडे सगळेच काढतात. पुढचे चार मुद्दे मात्र एकेक करून नीट पाहावे लागतात.

पहिला मुद्दा, दर कधीपर्यंत. रॅकच्या किमतीत मोठा वाटा पत्र्याचा असतो आणि पत्र्याचा व्यापारी आपला भाव एक-दोन दिवसांपलीकडे बांधून देत नाही. समजा एका रॅकला 75 किलो लोखंड लागते. चोवीस रॅकना 1,800 किलो झाले. किलोमागे भाव 3 रुपयांनी चढला तर गाळेवाल्याचे 5,400 रुपये गेले, आणि एवढ्या छोट्या कामात ती रक्कम जाणवते. म्हणून तो घाबरून ‘दर पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात’ असे खाली टाकतो. त्या एका ओळीने कोटेशनचा जीवच जातो. जो दर उद्या बदलू शकतो त्यावर व्यवस्थापक सही कशी करणार? आणि जे लिहायचे ते ‘15 दिवस’ असे लिहिले तर पत्राच्या तारखेपासून की मेल मिळाल्यापासून, शेवटचा दिवस धरायचा की नाही, हे प्रश्न उरतात. वार, तारीख आणि वेळ लिहिली की संपले: शुक्रवार, 17 जुलै 2026, संध्याकाळी 5 वाजेपर्यंत.

मुदत किती ठेवायची, याला ठोकळ उत्तर नाही. आधी एक फोन करून ‘साहेब, तुमच्याकडे मंजुरीला किती दिवस लागतात?’ एवढे विचारावे. त्यांना आठ दिवस लागत असतील तर तीन दिवसांची मुदत देण्यात अर्थ नाही. दहा-बारा दिवसांची द्यावी, त्या काळातल्या चढउताराचा अंदाज दरात धरावा, आणि ऑर्डर व आगाऊ रक्कम हाती येताच पत्रा उचलावा. आगाऊ रक्कम मागण्यामागचे खरे कारण बहुतेकदा हेच असते, आणि ते कोटेशनमध्ये सांगितले तर खरेदीदारालाही पटते. दर पूर्ण 24 नगांसाठी आहे हेही लिहावे. नाहीतर ‘आत्ता सहाच पाठवा, पण भाव तोच ठेवा’ अशी मागणी येते, आणि सहा रॅकसाठी गाडीचे भाडे जवळपास तेवढेच पडते.

या मुदतीला कायद्यातही अर्थ आहे. कोटेशनमध्ये वस्तू, दर आणि अटी नेमक्या सांगून, अमुक तारखेपर्यंत मान्य करता येईल असे लिहिले, तर तो 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या भाषेत प्रस्ताव ठरतो. त्यात दिलेली मुदत संपली की प्रस्ताव आपोआप संपतो. त्यानंतर आलेली ऑर्डर स्वीकारायलाच हवी असे बंधन राहत नाही. मुदत दिलीच नसेल तर ‘वाजवी काळ’ धरला जातो, आणि वाजवी म्हणजे किती यावर दोन्ही बाजूंना वाद घालता येतो. मुदत चालू असतानाही, समोरच्याने मान्यता कळवण्याआधी, प्रस्ताव मागे घेता येतो. मात्र ते त्याला आधी कळले पाहिजे. कायद्याने चालते म्हणून ते ऊठसूट करू नये. दिलेला दर मुदतीत मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी कोटेशन मागत नाही.

आता कर. शिरोली ते बेळगाव अंतर साधारण 110 किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरकराला पुण्यापेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. पण मधे राज्याची सीमा आहे. माल महाराष्ट्रातून कर्नाटकात जाऊन तिथे खरेदीदाराच्या हाती पडणार असेल तर आयजीएसटी लागतो. तोच माल पुण्याला गेला असता तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे निम्मे लागले असते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, महाराष्ट्राचे 27 आणि कर्नाटकाचे 29. त्यामुळे खरेदीदाराचा क्रमांक आधीच मागून घेतला की कोटेशनमध्येच कराचा योग्य प्रकार लिहिता येतो.

लोखंडी रॅकवर 18 टक्के जीएसटी आहे. पण 18 टक्के कशावर? इथे पुष्कळजण फसतात. ते 2,10,000 वर कर काढतात, 37,800 रुपये, आणि वाहतुकीचे 10,000 नुसते खाली जोडतात. माल पोहोचवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असेल आणि वाहतूक-पॅकिंगची रक्कम तोच बिलात लावणार असेल, तर ती रक्कम मालाच्या करपात्र किमतीत धरली जाते आणि तिलाही मालाचाच दर लागतो. म्हणजे करपात्र किंमत 2,20,000 रुपये, त्यावर आयजीएसटी 39,600 आणि एकूण 2,59,600 रुपये. फरक 1,800 रुपयांचा आहे. कोटेशनमध्ये कमी दाखवून बिलात जास्त लावले तर पीओ आणि बिल जुळत नाही, आणि जुळले नाही की हिशेब विभाग बिल बाजूला ठेवतो. पैसे अडकतात 1,800 चे नव्हे, सगळ्या अडीच लाखांचे.

‘कर अतिरिक्त’ एवढेच लिहून का भागत नाही, त्याचे आणखी एक कारण आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या मशीन शॉपला या कराची वजावट सहसा मिळते, म्हणून त्यांचा खरेदी अधिकारी करापूर्वीच्या रकमेची तुलना करतो. तेच रॅक एखाद्या शाळेच्या ग्रंथालयाला हवे असतील तर शाळेला वजावट नाही. तिच्यासाठी 39,600 रुपये हा खर्चच आहे. म्हणून करापूर्वीची रक्कम, कर आणि एकूण, असे तिन्ही आकडे लिहावेत. ज्याला जो हवा तो तो घेईल.

कधी खरेदीदाराचे मुख्य कार्यालय पुण्यात असते आणि ते सांगतात, ‘बिल पुण्याच्या नावाने करा, माल बेळगावला टाका.’ अशा व्यवहारात पुरवठ्याचे ठिकाण माल उतरण्याची जागा धरत नाहीत. ज्याच्या सांगण्यावरून माल तिकडे पाठवला त्याचे मुख्य ठिकाण धरतात. मग गाडी कर्नाटकात गेली तरी बिलात 19,800 सीजीएसटी आणि 19,800 एसजीएसटी येईल. एकूण तेवढेच, पण खाते वेगळे. चुकीच्या खात्यात भरलेला कर योग्य खात्यात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो, आणि खरेदीदाराची वजावट तोवर लटकते. म्हणून ‘बिल कोणाच्या नावे’ आणि ‘माल कुठे’ हे दोन्ही पत्ते कोटेशनमध्येच वेगवेगळे लिहावेत. बेळगावची गाडी निघताना ई-वे बिलही लागणार, कारण आंतरराज्य वाहतुकीत माल 50,000 रुपयांवर गेला की ते सक्तीचे आहे.

कराचा दरही बदलू शकतो. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे काढून बहुतेक वस्तू 5 आणि 18 मध्ये आणल्या गेल्या, तेव्हा हातात असलेल्या कोटेशनांचे काय, असा प्रश्न अनेकांपुढे आला. त्यावर एक वाक्य पुरते: आजचा दर 18 टक्के, शासनाने बदलल्यास लागू होणारा दर लावला जाईल, वाढ किंवा घट खरेदीदाराकडे. घटही लिहायला हवी, नाहीतर ती अट एकतर्फी वाटते.

तिसरा मुद्दा माल पोहोचण्याचा. ‘डिलिव्हरी तीन आठवडे’ या शब्दांवर जितकी भांडणे होतात तितकी दरावरही होत नसतील. खरेदीदार पीओच्या तारखेपासून दिवस मोजतो. गाळेवाला आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून मोजतो. मधे ड्रॉइंगला मंजुरी मिळायची राहिलेली असते आणि ती द्यायला खरेदीदाराच्या इंजिनिअरने सहा दिवस लावलेले असतात. शिवाय तीन आठवड्यांत माल गाळ्यातून निघणार की बेळगावला पोहोचणार, हेही कोणी बोललेले नसते. म्हणून घड्याळ कधी सुरू होते आणि कुठे थांबते, ही दोन्ही टोके लिहायची. पीओ, आगाऊ रक्कम आणि मंजूर ड्रॉइंग यांपैकी जे शेवटी मिळेल त्या दिवसापासून कामाचे 15 दिवस, आणि तेवढ्यात माल उद्यमबागेत पोहोच.

‘एक्स-वर्क्स’ लिहिले तर माल गाळ्याच्या दारात दिला, पुढचे भाडे आणि वाटेतली जोखीम खरेदीदाराची. ‘एफओआर बेळगाव’ लिहिले तर तिथपर्यंत पोहोचवणे विकणाऱ्याकडे. दोन कोटेशनांत एकाने हे आणि दुसऱ्याने ते लिहिले असेल तर नुसत्या दरांची तुलना फसवी ठरते, म्हणून खरेदी अधिकारी आधी ही ओळ शोधतो. एफओआर म्हटल्यावरही गाडीवरून उतरवायचे कोणी, हे राहतेच. उतरवण्याची हमाली खरेदीदाराची, असे सहसा ठरते, पण ते लिहिलेले नसेल तर दुपारी गाडी येऊन उभी राहते, ड्रायव्हर ‘माझे काम नाही’ म्हणतो आणि फोनाफोनी सुरू होते. ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामातून माल उचलायचा की तो दारात येणार, हेही स्पष्ट असावे. बारीकसारीक मालात बेळगावच्या गोदामापर्यंतचेच भाडे धरलेले असते.

चौथा मुद्दा पैशांचा. ‘30 टक्के अॅडव्हान्स’ म्हणजे कशाचे 30 टक्के? करापूर्वीच्या 2,20,000 चे काढले तर 66,000 रुपये, करासहित 2,59,600 चे काढले तर 77,880. मधे 11,880 रुपयांचे अंतर आहे. टक्केवारीशेजारी रुपयांत आकडा लिहिला की हिशेब विभागाला विचारावे लागत नाही. मालाच्या विक्रीत आगाऊ रक्कम घेतानाच त्यावर जीएसटी भरावा लागत नाही, तो बिल करताना येतो. सेवेच्या बाबतीत तसे नाही. त्यामुळे रॅकसारख्या मालाला आगाऊ रक्कम करापूर्वीच्या किमतीवर काढली तरी गाळेवाल्याचे नुकसान होत नाही.

उरलेली रक्कम ‘30 दिवसांत’, पण कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, माल पोहोचल्यापासून, की खरेदीदाराने तपासणी करून आवक नोंदवल्यापासून? शेवटचे धरले आणि तपासणीला मुदत नसेल तर तीस दिवस सुरूच होत नाहीत. माल पोहोचल्याच्या तारखेपासून धरणे दोघांनाही सोयीचे, कारण ती तारीख पोचपावतीवर असते.

छोट्या उद्योजकाने आपला उद्यम नोंदणी क्रमांक कोटेशनवर न चुकता घालावा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काहीच लिहून ठरलेले नसेल तर 15 दिवस. पीओमध्ये 90 दिवस छापलेले असले तरी कायदा 45 च धरतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. 2023 साली आयकरातही तरतूद आली, ती 2024-25 या कर-आकारणी वर्षापासून लागू झाली. त्यानुसार मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच ती वजा होते. वर्षअखेर जवळ आली की अनेक कंपन्यांचे हिशेब विभाग पुरवठादारांना उद्यम क्रमांक विचारणारे मेल पाठवतात, त्याचे कारण हेच. तो क्रमांक आधीच दिसला तर बिलाची रांग पुढे सरकते. व्याजाची धमकी मात्र कोटेशनमध्ये घालू नये. क्रमांक पाहून जाणकाराला जे कळायचे ते कळते.

हे सगळे मेलमध्ये असे उतरेल.

विषय: 24 लोखंडी रॅक, कोटेशन क्र. 118, दर 17 जुलै 2026 पर्यंत

सौ. मॅडम, नमस्कार. 4 जुलैच्या आपल्या मागणीप्रमाणे दर देत आहोत. रॅक 7 फूट उंच, 5 कप्पे, पावडर कोटिंगसह, सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे.

24 नग, प्रत्येकी 8,750, एकूण 2,10,000 रुपये. पॅकिंग व वाहतूक 10,000. करपात्र रक्कम 2,20,000. आयजीएसटी 18 टक्के (एचएसएन 9403), 39,600. एकूण देय 2,59,600 रुपये. शासनाने कर बदलल्यास वाढ किंवा घट आपल्याकडे.

दर पूर्ण 24 नगांसाठी, शुक्रवार 17 जुलै 2026, संध्याकाळी 5 पर्यंत पीओ मिळाल्यास कायम.

माल एफओआर, आपल्या उद्यमबागेतील कारखान्यात. पीओ, आगाऊ रक्कम व मंजूर ड्रॉइंग यांपैकी शेवटचे मिळाल्यापासून कामाच्या 15 दिवसांत पोहोच. उतरवून घेणे आपल्याकडे.

आगाऊ 66,000 रुपये पीओसोबत, पत्रा खरेदीसाठी. उर्वरित 1,93,600 रुपये माल पोहोचल्यापासून 30 दिवसांत.

मान्य असल्यास ‘कोटेशन 118 मान्य’ असे उत्तर आणि पीओ पाठवावी. बिल व माल यांचे पत्ते वेगळे असल्यास कळवावे. आमचा जीएसटी क्रमांक, उद्यम क्रमांक व बँक तपशील सोबतच्या पानावर आहे. बँक खाते बदलल्याचा मेल कधी आला तर आधी खालील क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

सगळे आकडे मेलच्या मजकुरातच आहेत हे लक्षात घ्या. मंजुरी देणारे साहेब प्रवासात फोनवर मेल उघडतात आणि जोडलेली पीडीएफ पाहायची राहून जाते. ती लेटरहेडवरची प्रत फाइलसाठी जोडावीच, पण दोन्हींतला एकही आकडा वेगळा असता कामा नये. बँक खात्याबद्दलची शेवटची ओळही अनाठायी नाही. व्यवहाराच्या मधेच मेल चोरून वाचून, पुरवठादाराच्या नावाने दुसरे खाते कळवणे, ही ठकवण्याची आता सर्रास पद्धत आहे.

उत्तरात नुसते ‘मान्य’ आले तर त्याला वजन आहे का? आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 साली झालेल्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या मार्गाने झाला म्हणून अमान्य ठरत नाही. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम या खटल्यात बॉक्साइटच्या पाच जहाजांच्या व्यवहाराची बोलणी मेलवरच झाली होती आणि औपचारिक करारावर सह्या झालेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2010 मध्ये मेलच्या देवाणघेवाणीतूनच करार पूर्ण झाल्याचे धरले. त्यात ठरायचे ते ठरले होते, म्हणून.

पण उत्तर पुष्कळदा असे येते: ‘मान्य आहे, फक्त पेमेंट 45 दिवसांनी आणि आगाऊ रक्कम नको.’ करार कायद्यात मान्यता पूर्ण आणि विनाअट असावी लागते. अट बदलून दिलेले उत्तर ही मान्यता नव्हे, तो खरेदीदाराचा नवा प्रस्ताव असतो. त्यावर गप्प बसून पत्रा कापायला घेतला तर गाळेवाल्याने वागण्यातून ती नवी अट मान्य केली असाच अर्थ निघतो. हे परवडत नसेल तर त्याच दिवशी सुधारित कोटेशन पाठवावे, क्र. 118 सुधारणा 1, नव्या तारखेसह, आणि ‘6 जुलैचे कोटेशन यामुळे रद्द’ असे वर लिहावे. आगाऊ रक्कम नसेल तर दर बांधून ठेवण्याची मुदत कमी करता येते, किंवा दरात थोडी वाढ करता येते. खरेदीदाराला दोन्ही पर्याय आकड्यांत दिले तर तो एक निवडतो.

पीओ आली की ती कोटेशनशेजारी ठेवून ओळीने ओळ पडताळायची. मोठ्या कंपन्यांच्या पीओच्या शेवटी छापील अटी असतात आणि त्यांत ‘दर सर्व करांसह’, ‘उशिराला दर आठवड्याला दंड’, ‘पेमेंट आवक तपासणीनंतर’ अशा ओळी असू शकतात. हे तपासायला दहा मिनिटे लागतात. काही वेगळे दिसले तर काम सुरू करण्याआधी, आगाऊ रक्कम वापरण्याआधी, त्या ओळीचा क्रमांक देऊन मेल करावा आणि दुरुस्त पीओ येईपर्यंत पत्रा व्यापाऱ्याकडेच राहू द्यावा.